समोरच्या शाळेची मिरवणूक

सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या मंडळींना २२ सप्टेंबरच्या सकाळी लेझीमचा आवाज ऐकून प्रश्न पडतो, आज कुठला सण? ती मिरवणूक समोरच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेची. त्या दिवशी संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे अण्णा, यांची जयंती. संस्था मात्र ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी सुरू झाली. या दोन तारखांची बऱ्याच जणांची गल्लत होते.

१९२४ मध्ये अण्णांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकाच पंक्तीला जेवणार, हा त्यांचा आग्रह. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना सुरुवातीला ते जड गेलं. पण पुढे त्याच त्या पोरांच्या आई झाल्या. पैसे संपले, घरात धान्य उरलं नाही, तेव्हा एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. मुलं उपाशी झोपली नाहीत.

मिरवणुकीत अण्णांची प्रतिमा असते. शेजारी लक्ष्मीबाईंचीही हवी, असं आपलं आम्हाला वाटतं. मिरवणूक दरवर्षी आपल्या गेटसमोर थोडा वेळ थांबते. नव्या मंडळींनी मुलांना घेऊन जरूर खाली यावं.