वर्तुळं खोटं बोलत नाहीत, आपण ती घाईत काढतो: ऑयलर, वेन आणि ‘काही’ची भानगड

आजचा भाग ऐकताना शक्य असेल तर कागद-पेन हाताशी ठेवा. बसमध्ये असाल तर डोळ्यांसमोर तीन वर्तुळं आणली तरी चालेल. बारामतीत किंवा इंदापुरात कुठल्याही अभ्यासिकेत जा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वहीत ही वर्तुळं दिसतात. दोन विधानं दिलेली असतात, खाली निष्कर्ष असतो आणि तो ‘निघतो की नाही’ ते सांगायचं असतं. याला सिलॉजिझम म्हणतात. वर्तुळं सगळेच काढतात. पण ही वर्तुळं एका माणसाची नाहीत, दोघांची आहेत. त्या दोघांमध्ये शंभरावर वर्षांचं अंतर आहे आणि गुण जातात ते बऱ्याचदा त्या दोघांची सरमिसळ केल्यामुळे. आज तोच इतिहास बघू.

पहिली वर्तुळं: 1761

लिओनार्ड ऑयलर हा स्विस गणिती तेव्हा बर्लिनमध्ये होता. एका तरुण जर्मन राजकन्येला तो पत्रांमधून विज्ञान शिकवत होता. 1761 सालच्या काही पत्रांत त्याने तर्कशास्त्र घेतलं आणि विधानं वर्तुळांनी दाखवली. ‘सर्व अ हे ब आहेत’ म्हणजे अ चं छोटं वर्तुळ ब च्या पोटात. ‘कोणताही अ हा ब नाही’ म्हणजे दोन वर्तुळं वेगळी. ‘काही अ हे ब आहेत’ म्हणजे दोन वर्तुळं एकमेकांवर चढलेली. (लायब्निट्झने अशी चित्रं त्याआधीच काढून पाहिली होती, पण ती लोकांपर्यंत पोचली ऑयलरच्या पत्रांमुळे.)

समजायला एकदम सोपं. अडचण कुठे येते ते आपल्याच भागातल्या उदाहरणावर बघू. निरा डावा कालवा 1880 च्या दशकातला. तो बारामती तालुक्यातून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. आता ही दोन विधानं घ्या:

सर्व कालव्यावरची गावं बागायती आहेत.
इंदापूर तालुक्यातली काही गावं बागायती आहेत.
निष्कर्ष: इंदापूर तालुक्यातली काही गावं कालव्यावरची आहेत.

विधानं खरी आहेत की नाहीत हा वाद इथे नाही, परीक्षेत ती खरीच धरायची असतात. ऑयलरच्या पद्धतीने काढा. ‘बागायती’चं मोठं वर्तुळ, त्याच्या पोटात ‘कालव्यावरची’ हे छोटं. आता ‘इंदापूर’चं वर्तुळ बागायतीवर चढवायचंय. कुठे चढवणार? बहुतेकांचा हात ते सरळ छोट्या वर्तुळापर्यंत नेतो, कारण कालवा इंदापुरात जातो हे आपल्याला माहीत असतं. चित्र तयार, निष्कर्ष ‘निघतो’ वर टिक.

आणि उत्तर चूक. इंदापूरचं वर्तुळ छोट्याला न शिवता मोठ्याच्या कडेवरही काढता आलं असतं, आणि दिलेल्या दोन विधानांना ते चित्रही तितकंच मान्य आहे. इंदापूरची ती बागायत उजनीच्या पाण्यावरची किंवा विहिरीवरची असू शकते. मजा बघा, निष्कर्ष प्रत्यक्षात खरा आहे, पण या दोन विधानांतून तो निघत नाही. खात्री करायची तर शब्द बदला: सर्व कुत्री चार पायांची आहेत, काही गायी चार पायांच्या आहेत, म्हणून काही गायी कुत्री आहेत. सांगाडा तोच.

थोडक्यात, ऑयलरची पद्धत चुकीची नाही. पण तिच्यात शक्य तेवढी सगळी चित्रं काढून बघावी लागतात. आपण पहिल्या चित्रावर थांबतो.

दुसरी वर्तुळं: 1880

जॉन वेन हा केंब्रिजचा. 1880 साली त्याने एक लेख लिहिला आणि चित्राची दिशाच उलटी केली. ऑयलरकडे विधान वाचून वर्तुळांची जागा ठरते. वेन म्हणतो, वर्तुळं आधीच एकमेकांवर चढवून ठेवा, म्हणजे सगळ्या शक्यता कागदावर आल्या. मग विधान जेवढं सांगतं तेवढीच खूण करा. ‘इथे कोणी नाही’ असं विधान सांगत असेल तर तो भाग रेघोट्यांनी भरून टाका. ‘इथे कोणीतरी आहे’ यासाठी फुली मारायची. फुली आणि फुल्या जोडणारी रेघ ही सुधारणा पुढे अमेरिकेतल्या चार्ल्स पर्सने केली. आज वेन आकृती म्हणून तर्कशास्त्रात शिकवतात ते हे मिश्रण.

आपलं उदाहरण पुन्हा घ्या. तीन वर्तुळं: इंदापूर, कालवा, बागायती. तिन्ही एकमेकांवर चढलेली. पहिलं विधान ‘सर्व’चं, ते आधी: कालव्याच्या वर्तुळाचा जो भाग बागायतीच्या बाहेर आहे तो रेघोट्यांनी भरा. दुसरं विधान ‘काही’चं: इंदापूर आणि बागायती जिथे एकत्र येतात तिथे फुली. पण त्या जागेचे दोन तुकडे आहेत, एक कालव्याच्या आत आणि एक बाहेर. कुठल्या तुकड्यात, हे विधान सांगत नाही. म्हणून फुली मधल्या रेघेवर बसते. निष्कर्षाला ती कालव्याच्या आत हवी होती. रेघेवरची फुली म्हणजे निष्कर्ष निघत नाही. हात कुठेही घसरायला जागाच नाही.

क्रम लक्षात ठेवा: ‘सर्व’ आणि ‘कोणताही नाही’ ही विधानं आधी, ‘काही’ नंतर. कारण कधी कधी रेघोट्यांमुळे एक तुकडा बाद होतो आणि फुलीला एकच जागा उरते. तेव्हा ती रेघेवर बसत नाही.

चित्र न काढता: व्याप्त पदाचे नियम

हे नियम वर्तुळांपेक्षा जुने. युरोपात मध्ययुगातल्या तर्कशास्त्राच्या मास्तरांनी ते बसवले. एखादं विधान एखाद्या पदाबद्दल संपूर्ण गटाविषयी बोलत असेल, तर ते पद ‘व्याप्त’. ‘सर्व’च्या विधानात पहिलं पद व्याप्त, दुसरं नाही. ‘कोणताही नाही’मध्ये दोन्ही व्याप्त. ‘काही आहेत’मध्ये एकही नाही. ‘काही नाहीत’मध्ये फक्त दुसरं, कारण ते ‘काही’ दुसऱ्या गटाच्या पूर्णपणे बाहेर आहेत असं आपण म्हणतो.

मुख्य नियम दोन. एक: दोन्ही विधानांत येणारं जे मधलं पद, ते एकदा तरी व्याप्त हवं. दोन: निष्कर्षात जे पद व्याप्त आहे ते मूळ विधानातही व्याप्त हवं. (शिवाय दोन्ही विधानं नकारार्थी असतील तर निष्कर्षच नाही. एक नकारार्थी असेल तर निष्कर्ष नकारार्थीच हवा, आणि निष्कर्ष नकारार्थी असेल तर एक विधान तसं असायलाच हवं.)

वरच्या उदाहरणात मधलं पद ‘बागायती’. पहिल्या विधानात ते ‘सर्व’च्या दुसऱ्या जागी, म्हणून व्याप्त नाही. दुसऱ्यात ‘काही आहेत’, तिथेही नाही. पहिला नियम मोडला, विषय संपला. दहा सेकंदांचं काम.

दुसऱ्या नियमासाठी सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा आठवा:

सर्व कालव्यावरच्या गावांत ऊस आहे.
कोणतंही जिरायती गाव कालव्यावर नाही.
निष्कर्ष: कोणत्याही जिरायती गावात ऊस नाही.

ऐकायला अगदी पटतं, पारावर कोणीही मान डोलावेल. पण निष्कर्षात ‘ऊस असलेली गावं’ हे पद व्याप्त आहे, म्हणजे आपण ऊस असलेल्या सगळ्या गावांबद्दल बोलतोय. पहिलं विधान मात्र त्यातल्या कालव्यावरच्या गावांबद्दलच बोललं होतं. जितकं हातात नव्हतं तितकं खर्च केलं. जिरायती गावात एखाद्या विहिरीवर दोन एकर ऊस असू शकतो. वेनच्या चित्रात हेच दिसतं: जिरायती आणि ऊस यांचा कालव्याबाहेरचा तुकडा कोराच राहतो.

जिथे नियम आणि वर्तुळं भांडतात

आता खरी भानगड. हे बघा:

बारामती तालुक्यातले सर्व समुद्रकिनारे खाऱ्या पाण्याला लागून आहेत.
बारामती तालुक्यातले सर्व समुद्रकिनारे या तालुक्यातल्या जागा आहेत.
निष्कर्ष: या तालुक्यातल्या काही जागा खाऱ्या पाण्याला लागून आहेत.

जुने नियम लावा. मधलं पद दोनदा व्याप्त, निष्कर्षात एकही व्याप्त पद नाही, नकार कुठेच नाही. पास! मध्ययुगीन विद्यार्थी या प्रकाराला ‘दाराप्ती’ म्हणायचे आणि तो वैध मानायचे. पण बारामतीत समुद्रकिनारा आहे कुठे? वेनच्या आकृतीत दोन्ही विधानांनी फक्त रेघोट्या पडतात, फुली एकही नाही. निष्कर्षाला फुली हवी. म्हणून नापास.

भांडण ‘सर्व’ या शब्दावर आहे. जुनी परंपरा गृहीत धरते की ‘सर्व अ’ म्हटलं की निदान एक तरी अ आहे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल आणि त्याच्या वाटेने जाणारा वेन यांनी ते गृहीतक सोडलं. त्यांच्या लेखी ‘सर्व अ हे ब आहेत’ म्हणजे ‘ब च्या बाहेर अ नाही’ एवढंच. अ मुळात आहे का, ते वेगळं सांगा. म्हणून आधुनिक पुस्तकांत एक जादा नियम येतो: दोन्ही विधानं ‘सर्व’ किंवा ‘कोणताही नाही’ प्रकारची असतील, तर ‘काही’चा निष्कर्ष निघत नाही.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राचं इथे आठवतं. 1897 साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या टीपा, प्रस्तावना आणि इंग्रजी भाषांतरासह निघाला. त्यातलं अनुमान पाच पायऱ्यांचं आहे आणि तिसऱ्या पायरीचं नावच ‘उदाहरण’: जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. नियम सांगितला की दाखला द्यायचा. समुद्रकिनाऱ्याचा आपला युक्तिवाद त्या पायरीवर अडखळला असता, कारण दाखवायला एकही किनारा नाही.

मग पेपरात काय करायचं?

स्पर्धा परीक्षांच्या सराव-पुस्तकांत सहसा जुनं गृहीतक चालतं: ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही ब हे अ आहेत’ निघतं असं धरतात. कॉलेजच्या तर्कशास्त्राच्या वर्गात वेन आकृती लावली तर तेच उत्तर चूक ठरू शकतं. म्हणून तुमच्या परीक्षेच्या जुन्या अधिकृत उत्तरतालिकेत दोन ‘सर्व’ आणि ‘काही’चा निष्कर्ष असलेला एक प्रश्न शोधा, आणि तिथे काय धरलंय ते बघून घ्या. जुनं गृहीतक असेल तर वेनची आकृतीच वापरा, फक्त एक काम वाढवा: ज्या वर्तुळाचा रेघोट्या सोडून एकच तुकडा उरलाय, त्या तुकड्यात एक फुली टाका.

आता एक तुमच्यासाठी. उजनीच्या पाण्यात गेलेली सर्व गावं भीमेच्या खोऱ्यातली आहेत. इंदापूर तालुक्यातली काही गावं उजनीच्या पाण्यात गेली. म्हणून इंदापूर तालुक्यातली काही गावं भीमेच्या खोऱ्यातली आहेत. आधी रेघोट्या, मग फुली. या वेळी फुली रेघेवर बसते की एका तुकड्यात नीट आत जाते, ते बघा. आत जाते, आणि म्हणून हा निष्कर्ष कुठल्याही परीक्षेत निघतो. कालव्याच्या उदाहरणात आणि यात फरक एवढाच, की इथे मधलं पद ‘सर्व’च्या लगेच पुढे आलंय.