तोट्यातली जिनिंग
३. ‘तोट्यातही जिनिंग चालू ठेवली’ : पालमकडे कापसाची आवक दिवाळीच्या आसपास वाढते, उन्हाळ्याच्या तोंडावर आटते. समजा, कर्जाचे व्याज, विमा, राखणदार आणि विजेचा स्थिर आकार मिळून महिन्याला ४ लाख रुपये होतात. गिरणी बंद असली तरी ते द्यावेच लागतात. रुई-सरकी विकून कापूस, हमाली, मजुरी आणि जळालेली वीज एवढे भागवल्यावर दीड लाख उरले, तर तोटा अडीच लाखांचा. कुलूप लावले तर पुऱ्या ४ लाखांचा. हे भागवून उरणारी शिल्लक शून्याखाली गेली की मात्र यंत्रे थांबवावीत. व्याज प्रत्येक क्विंटलवर वाटून धरले, तर चालवण्याजोगा महिनाही बंद करण्याजोगा दिसतो. मुनीम नेमके इथेच चुकतात. — संपा.