ट्रेंच कोटाच्या खांद्यावरची पट्टी

ट्रेंच कोटाच्या दोन्ही खांद्यांवर कापडाची एक अरुंद पट्टी असते. तिचे एक टोक बाहीच्या शिवणीत पक्के शिवलेले, तर दुसरे कॉलरपाशी बटणाने अडकवलेले. आज ती निव्वळ शोभेची आहे. पहिल्या महायुद्धात मात्र तिच्यात जीवनमरणाचा प्रश्न गुंतलेला होता.

१९१४ साली ब्रिटिश पायदळातील अधिकाऱ्याची पदचिन्हे, म्हणजे तारे, मुकुट आणि फितीची वलये, गणवेशाच्या बाहीवर मनगटाजवळ असत. खंदकातून बाहेर पडणाऱ्या तुकडीत अधिकारी कोण, हे जर्मन नेमबाजांना त्यावरून हेरता येई. म्हणून अनेकांनी ही चिन्हे खांद्यावरच्या पट्टीवर हलवली. तेथे ती दुरून सहज दिसत नसत. अशा गणवेशाला भेदरलेल्यांचा पोशाख म्हणून हिणवलेही गेले. अखेर १९२० मध्ये बाहीवरची चिन्हे अधिकृतपणे रद्द झाली.

ट्रेंच कोटालाही हीच पट्टी होती. हलक्या, पाणी न शोषणाऱ्या गॅबर्डिनचा हा कोट अधिकारी स्वखर्चाने घेत. साध्या शिपायाच्या वाट्याला जाड लोकरीचा ग्रेटकोट येई आणि तो चिखलपाण्याने विलक्षण जड होई. युद्धानंतर ट्रेंच कोट नागरी बाजारात रुळला. तारे गेले, रिकामी पट्टी राहिली.

कमरपट्ट्यावरच्या इंग्रजी ‘डी’ आकाराच्या कड्या हातबॉम्ब टांगण्यासाठी होत्या, असे हौसेने सांगितले जाते. पण स्वतःच्या पोटाशी बॉम्ब लोंबकळत ठेवून कोण धावेल? नकाशाची पिशवी अडकवण्याचा उपयोग अधिक पटण्याजोगा आहे.