जप्ती आणि जप्तीपूर्वीचे संरक्षण : बारडोलीच्या म्हशींपासून बँक खात्यापर्यंत

‘जप्ती’ हा शब्द मराठीत अरबी ‘ज़ब्त’वरून फारसी दप्तरांच्या वाटेने आला. मुळात त्याचा अर्थ घट्ट धरणे, आवरून ठेवणे असा आहे. उर्दूत आजही ‘ज़ब्त’ म्हणजे मनावरचा संयम. अकबराच्या काळात तर ‘ज़ब्त’ किंवा ‘ज़ब्ती’ हे सारा वसूल न झाल्यावर होणाऱ्या कारवाईचे नव्हे, तर जमीन मोजून पिकाप्रमाणे आकारणी ठरविण्याच्या पद्धतीचे नाव होते. म्हणजे ज्या शब्दाने एके काळी मोजमाप करून मागणी ठरविणे सूचित होत असे, तोच पुढे मागणी न फिटल्यास माल उचलून नेण्यासाठी रूढ झाला. इंदूर-ग्वाल्हेरकडे आणि हैदराबादच्या उर्दू वृत्तपत्रांत याच कारवाईला ‘कुर्की’ म्हणतात; तो शब्द तुर्की मूळचा. न्यायालयीन मराठीत ‘टाच’ हा तिसरा शब्द आहे. मोजमाप आधी आणि हात घालणे नंतर, हा क्रम मात्र या विषयाच्या इतिहासात वारंवार मोडला गेला आहे, आणि तो पुन्हा बसविण्याचे प्रयत्नही तितक्याच वेळा झाले आहेत.

मुंबई इलाख्यात सारावसुलीची रीत १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने बांधून दिली. त्या वेळी बेळगाव, धारवाड, सुरत, रत्नागिरी हे सर्व जिल्हे एकाच कायद्याखाली होते. थकबाकी वसूल करण्याचे मार्ग कलम १५० मध्ये दिले होते : मागणीची लेखी नोटीस, जमिनीवरील हक्क सरकारजमा करणे, जंगम मालाची जप्ती व विक्री, स्थावराची विक्री, आणि शेवटी थकबाकीदाराला अटक. वसुली अधिकाऱ्याच्या हाती एवढी साधने असली तरी त्याच कायद्याने काही मर्यादाही घातल्या होत्या. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात जी वस्तू जप्तीतून वगळलेली असे, ती महसुलासाठीही जप्त करता येत नसे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, कसण्यापुरती जनावरे आणि पेरणीचे बियाणे यांना हात लावायचा नाही. विक्रीपूर्वी जाहीरनामा काढायचा, दवंडी पिटायची, आणि जंगमासाठी सात तर स्थावरासाठी तीस दिवस थांबायचे. या मर्यादांमागे उदारपणापेक्षा हिशेब अधिक होता हे मान्य करावे लागते. ज्याची औते विकली तो पुढच्या वर्षी सारा कुठून भरणार?

या तरतुदी प्रत्यक्षात कशा वापरल्या गेल्या, याचे सर्वांत स्पष्ट चित्र १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात मिळते. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यात फेरआकारणी होऊन साऱ्यात सुमारे २२ टक्के वाढ झाली. आकारणीची चौकशी आधी करावी, मग वसुली, अशी शेतकऱ्यांची मागणी होती. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी सारा न भरण्याचा ठराव झाला आणि वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व घेतले. सरकारने जप्तीचे सत्र सुरू केले. चौथाई दंडाच्या नोटिसा निघाल्या, जमिनी सरकारजमा होऊ लागल्या, आणि जप्ती अधिकाऱ्यांसोबत पठाण नेमून गोठ्यांतल्या म्हशी ओढून नेण्यात आल्या. दुभत्या म्हशीला नांगराच्या बैलाचे संरक्षण नव्हते. पण शेतकऱ्याच्या घरी रोज येणारा पैसा तिच्याच दुधाचा होता. लोकांनी दिवसभर दारे बंद ठेवून म्हशी घरात कोंडल्या.

या कारवाईचे स्वरूप नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. जप्ती ही एका माणसाच्या हुकमाने पुरी होत नसे. पंचनाम्याला पंच लागत, माल वाहून न्यायला गाडीवान लागे, लिलावाला गिऱ्हाईक लागे, आणि कोणाचे घर कोणते हे सांगायला पटेल-तलाठी लागत. बारडोलीत पंच मिळेनात, गाड्या मिळेनात, पटेल-तलाठ्यांनी राजीनामे दिले. कागदावर नसलेला एक अंकुश गावाच्या व्यवहारातच होता. कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या जप्त्यांची स्वतंत्र चौकशीही केली. ऑगस्टमध्ये समेट झाला, विकलेल्या जमिनी मूळ मालकांकडे परत जाण्याची व्यवस्था झाली, आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. म्हणजे ज्या मागणीसाठी म्हशी नेल्या तिचा फार मोठा भाग चौकशीत टिकला नाही. चौकशीआधी जप्ती होऊ नये, या आग्रहाला याहून चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही.

आयकराच्या काळात मालाचे रूप बदलले. थकबाकीदाराच्या दारात जाण्याऐवजी त्याचे पैसे ज्याच्याकडे आहेत त्यालाच, म्हणजे बँकेला किंवा त्याच्या ऋणकोला, पत्र लिहून ते पैसे थेट सरकारकडे भरायला लावणे सोपे झाले. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २२६(३) ने ही सोय अधिकाऱ्याला दिली. पत्र मिळालेल्या बँकेने ते पाळले नाही, तर तीच थकबाकीदार ठरत असे. त्यामुळे बँका सहसा उलट प्रश्न करीत नसत. नोटिशीची प्रत करदात्याला पाठविण्याचे बंधन होते, पण ती डाकेने पोहोचेपर्यंत खाते रिकामे झालेले असू शकत असे. येथे पंच नाही, गाडीवान नाही, दवंडी नाही आणि थांबण्याचे सात दिवसही नाहीत. आणखी एक सूक्ष्म फरक आहे. बियाणे पाहिल्यावर ते बियाणे आहे हे कळते; खात्यातील पैसा मजुरांच्या पगाराचा आहे की नफ्याचा, हे आकड्यावरून कळत नाही. जुनी सूट वस्तूच्या ओळखीवर उभी होती, आणि बँक खात्यात ती ओळखच पुसली जाते.

म्हणून संरक्षण वस्तूऐवजी वेळेत आणि कारणांत शोधावे लागले. हे काम मुख्यतः न्यायालयांनी केले, आणि त्यात मुंबई उच्च न्यायालयाचा वाटा ठळक आहे. २००१ साली केईसी इंटरनॅशनलच्या प्रकरणात त्या न्यायालयाने सांगितले की वसुली थांबविण्याचा अर्ज आला तर अधिकाऱ्याने थोडक्यात का होईना, कारणे द्यावीत, आणि अपिलाची मुदत चालू असताना सामान्यतः सक्तीची पावले उचलू नयेत. २०१२ मध्ये यूटीआय म्युच्युअल फंडाच्या प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने एक पाऊल पुढे टाकले. खाते गोठविणे आणि त्यातून पैसे काढून घेणे या दोन वेगळ्या क्रिया मानून, दुसरीपूर्वी करदात्याला वाजवी मुदतीची सूचना द्यावी, म्हणजे त्याला दाद मागता येईल, असे ठरविले. दवंडी आणि लिलाव यांमधल्या जुन्या थांब्याचे हे नवे रूप होय.

याहून अवघड प्रश्न आकारणी पूर्ण होण्यापूर्वीच्या टाचेचा आहे. देणे ठरलेलेच नाही, तरी मालमत्ता हलविली जाईल या भीतीने ती अडकवून ठेवायची, याला तात्पुरती टाच म्हणतात. आयकरात ही तरतूद १९७५ साली कलम २८१-ब ने आली. तीत वरिष्ठांची पूर्वमंजुरी आणि सहा महिन्यांची मुदत होती, जी वाढविता येत असे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ८३ मध्ये हाच अधिकार आयुक्ताला मिळाला. त्याचा अर्थ हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणाने निश्चित केला.

राधा कृष्ण इंडस्ट्रीज या कारखान्याने एका पुरवठादाराकडून माल घेऊन सुमारे ५ कोटी रुपयांची कर-वजावट घेतली होती. पुरवठादाराचे व्यवहार खोटे असल्याचा खात्याचा आरोप होता. २८ ऑक्टोबर २०२० रोजी सहआयुक्तांनी कारखान्याला त्याच्या गिऱ्हाइकांकडून येणे असलेल्या रकमेवर टाच आणली. त्या दिवशी कार्यवाही पुरवठादाराविरुद्ध झालेली होती. कारखान्याविरुद्धची कार्यवाही पुढच्या महिन्यात सुरू झाली. कारखान्याने हरकत घेतली, पण त्याला तोंडी म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नाही. उच्च न्यायालयाने पर्यायी उपाय आहे म्हणून याचिका फेटाळली. २० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती टाच रद्द केली. हा निकालही न्या. चंद्रचूड यांच्याच खंडपीठाचा होता.

निकालाचा गाभा ‘मत’ या एका शब्दाभोवती आहे. महसुलाच्या रक्षणासाठी टाच आवश्यक आहे असे आयुक्ताचे मत व्हावे, असे कलम सांगते. न्यायालयाच्या म्हणण्याप्रमाणे हे मत ठोस साहित्यावर आधारलेले हवे, आणि टाच सोयीची असून चालणार नाही, ती आवश्यक असली पाहिजे. रक्कम मोठी आहे एवढ्यावर मत होत नाही. हा करदाता मागणी हुकवील असे मानायला काय आधार, हे फाइलवर दिसावे लागते. नियम १५९ खाली हरकत त्या वेळी सात दिवसांत द्यायची असे, आणि हरकत आली की लेखी म्हणणे व प्रत्यक्ष सुनावणी दोन्हींचा हक्क मिळतो. ती अधिकाऱ्याची मर्जी नव्हे. आणि ज्याच्याविरुद्ध कार्यवाहीच चालू नाही, त्याची मालमत्ता अडकविता येत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर संसदेने मात्र २०२१ च्या वित्त कायद्याने कलम बदलले. १ जानेवारी २०२२ पासून कार्यवाही ‘सुरू झाल्यानंतर’ टाच आणता येते, आणि खोट्या व्यवहाराचा लाभ घेणारी व तो घडवून आणणारी व्यक्तीही तिच्या कक्षेत येते. संरक्षण न्यायालयाने रुंद केले तर सत्ताही विधिमंडळाने रुंद केली, असा हा जुनाच खेळ आहे.

व्यवहारात बिघाड ओळखण्याची जागा म्हणजे डीआरसी-२२ हा टाचेच्या आदेशाचा नमुना. निपाणी किंवा मडगावच्या एखाद्या व्यापाऱ्याचे धनादेश अचानक परत येऊ लागतात आणि बँकेत चौकशी केल्यावर हा कागद त्याच्या हाती पडतो. त्यात ‘महसुलाच्या हितासाठी’ हे शब्द बहुधा छापीलच असतात. पाहायचे ते असे की त्या शब्दांपुढे या व्यापाऱ्याविषयी काही लिहिले आहे का, कार्यवाहीचा आधार दिला आहे का, आणि सही आयुक्ताची की अधिकार सोपविलेल्या अधिकाऱ्याची आहे.  हरकत डीआरसी-२२अ नमुन्यात द्यावी लागते.

अंतिम आदेशानंतरची वसुली निराळी. तिथे आदेश मिळाल्यापासून तीन महिने थांबण्याचा नियम आहे, आणि अपिलाची मुदतही तीन महिन्यांचीच. वादग्रस्त कराचे १० टक्के भरून अपील दाखल केले की उरलेली वसुली थांबते. मात्र महसुलाच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास, लेखी कारणे देऊन अधिकारी ते तीन महिने कमी करू शकतो. ती कारणे मागून पाहण्याचा आग्रह म्हणूनच महत्त्वाचा.

तात्पुरत्या टाचेची मुदत एक वर्ष. वर्ष संपले की खाते आपोआप मोकळे व्हावे, असे कलम ८३ म्हणते. तरी काही ठिकाणी वर्षअखेर नवा आदेश काढून तेच खाते पुन्हा बांधले जात असे. ऑगस्ट २०२५ मध्ये केसरी नंदन मोबाइल या गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली : मुदत संपलेल्या टाचेचे नूतनीकरण कायद्यात नाही. त्याच वर्षी संसदेने १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा मंजूर केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्यामुळे आयकराच्या बाजूची कलमांची क्रमवारी पाठ केलेल्यांना ती नव्याने जुळवून घ्यावी लागेल.