अडीच सूत की आठ मिलिमीटर?

मागच्या पावसाळ्याआधी रत्नागिरीजवळच्या एका गावचे गुरुजी माझ्याकडे आले. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. पुडीत गंजलेल्या बोल्टाचा तुकडा होता, डोके तुटलेला. शाळेची घंटा ज्या बिडाच्या कंसाला टांगतात, त्या कंसाचा तो बोल्ट. दुकानदाराने तुकडा मोजला, तो आठ मिलिमीटरच्या जवळपास भरला, म्हणून त्याने आठचा बोल्ट दिला. तो दोन-तीन फेरे सरळ गेला आणि अडकला. मग कोणीतरी पान्याने जोर लावून तो आवळला. वरून पाहता काम पक्के दिसत होते. पंधरा दिवसांत कंस एका बाजूने सुटला. खाली मुले नव्हती, एवढेच नशीब!

यात दुकानदाराची लबाडी नव्हती. चूक समजायला थोडे मागे, इंग्लंडात जावे लागते. तेथे शंभर कारखाने आणि शंभर तऱ्हेचे आटे, अशी एके काळी स्थिती होती. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट नमुन्यादाखल जमवले, त्यांचे आटे मोजले, सरासरी काढली आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच माप सुचवले. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे हे ठरलेले. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन सुचवला. रूढ मापांत दोघांचे आटे मोजणीला सारखेच. फक्त अर्ध्या इंचाला, म्हणजे आपल्या चार सुताला, व्हिटवर्थचे १२ तर अमेरिकेचे १३.

आपल्याकडे विलायती यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे आटे आले आणि मिस्त्रीलोकांनी त्यांना सुताच्या भाषेत बसवले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला आणि पुढे बाजारात मिलिमीटरचा बोल्ट रुळला. पण कायद्याने जुन्या बिडातली भोके थोडीच बदलतात? ती होती तशीच राहिली.

आता गुरुजींचा तुकडा पाहा. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठ आणि यांत केसाएवढा फरक. त्यातून आपल्या खाऱ्या हवेने गंजलेला तुकडा. जाडीवरून याची जात ओळखणे अशक्यच. जात कळते ती आट्यांच्या अंतरावरून. अडीच सुताच्या व्हिटवर्थला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांत सुमारे १.४१ मिलिमीटर. नेहमीच्या आठच्या बोल्टाला हेच अंतर १.२५. दर फेऱ्याला फरक थोडाच, पण तिसऱ्या फेऱ्यात तो अर्ध्या मिलिमीटरपाशी पोचतो आणि आट्याचा माथा समोरच्या माथ्यावर आदळतो. जोर लावला की आटे कातले जातात, बोल्ट घट्ट वाटतो, पण पकड दोन-तीन आट्यांचीच.

आम्ही तुकडा रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला, तारेच्या ब्रशाने घासला आणि कागदावर आडवा दाबला. उमटलेल्या रेघांत दहा अंतरे मोजली. १४ मिलिमीटर भरली. आठचा असता तर साडेबारा भरली असती. एकच अंतर मोजू नका, शाळेच्या पट्टीवर ते दिसणार नाही. तुकडा फारच आखूड असेल तर ओळखीचा बोल्ट त्याच्या आट्यांत आट्ये बसवून आडवा धरा आणि उजेडाकडे पाहा. जात तीच असेल तर दोन्ही एकमेकांत बसतात. नसेल तर मधून फटी दिसतात.

दुकानात 'आठचा द्या' म्हणू नये. 'अडीच सूत, व्हिटवर्थ, अठरा आटे' असे सांगावे. षट्कोनी डोक्याच्या बोल्टाची लांबी डोक्याखालून मोजतात. लाकडात बुडणाऱ्या चपट्या डोक्याच्या स्क्रूची मात्र डोक्यासकट. हा घोटाळा शिकलेलेही करतात. नमुना सोबत न्यावाच, आणि दुकानातच चाकी पूर्ण लांबीभर बोटांनी फिरवून पाहावी. पान्याशिवाय ती जात नसेल तर तो बोल्ट घेऊ नये.

गुरुजींना माल रत्नागिरीत मिळाला नाही. मुंबईला जाणाऱ्या एकाजवळ त्यांनी मोजमापाची चिठ्ठी दिली. नागदेवी स्ट्रीटवर नटबोल्टांची जुनी पेठ आहे, तेथून चार बोल्ट आले. पण कंसाच्या एका भोकातले आटे जबरदस्तीने गेलेच होते. तेथे पुन्हा आठचे आटे काढण्यात अर्थ नव्हता, कारण भोक तेवढेच होऊन बसले होते. भोवती बीड पुरेसे जाड होते, म्हणून लेथवाल्याने साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात दहाचे आटे काढले. आता त्या कंसात तीन बोल्ट अडीच सुताचे आणि एक दहाचा आहे. गुरुजींनी त्या एकावर लाल रंगाचा ठिपका दिला आहे.