स्थळ-टॅग (चित्रफीत संग्रह)

मोठ्या संग्रहातील जुनी चित्रफीत शोधता यावी म्हणून तिला जोडलेली ठिकाणाची खूण. उदाहरणार्थ, ८ मे २०२० रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ मालगाडीखाली १६ स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले. त्या दिवशीच्या चित्रणावर नुसते ‘औरंगाबाद’ लिहिले असेल, तर २०२३ च्या नामांतरानंतर ‘छत्रपती संभाजीनगर’ असा शोध घेणाऱ्याला ते सापडत नाही. म्हणून फितीवर नावाऐवजी करमाडचा कायम क्रमांक नोंदवतात आणि तो जिल्ह्याच्या क्रमांकाशी जोडतात. जुनी-नवी नावे, ‘कर्माड’सारखी लेखनभेदाची रूपेही, स्थळसूचीत राहतात. नाव बदलले की सूचीतली एकच नोंद सुधारायची, हजारो फिती नव्हेत. चित्रीकरणाची व प्रसारणाची तारीख मात्र वेगळ्या रकान्यांत हवी; एरवी पुनर्प्रसारित फीत भलत्याच वर्षात जाऊन बसते.