बारबेल आणि बुलेट रोखेसंच

बुलेट रोखेसंचात रक्कम एकाच मुदतीच्या रोख्यांत, तर बारबेलमध्ये अल्प व दीर्घ अशा दोन टोकांच्या मुदतींत गुंतवलेली असते.

उदाहरण

सर्व मुदतींचा व्याजदर ६ टक्के (सतत चक्रवाढ) मानू. १०० रुपये १० वर्षांच्या शून्य-कूपन रोख्यात ठेवले, किंवा निम्मे-निम्मे २ व १८ वर्षांच्या रोख्यांत ठेवले, तरी ड्युरेशन १० वर्षेच येते. दर ८ टक्के झाल्यास बुलेटचे मूल्य ८१.८७, तर बारबेलचे ८२.९२ रुपये होते. ४ टक्के झाल्यास अनुक्रमे १२२.१४ व १२३.७१. बारबेलची बहिर्वक्रता, म्हणजे येथे मुदतींच्या वर्गांची सरासरी, १६४ असून बुलेटची १०० आहे.

मर्यादा

हा लाभ सर्व दर सारखेच बदलल्यास मिळतो. दोन वर्षांचा दर स्थिर राहून १० वर्षांचा ७ व १८ वर्षांचा ८ टक्के झाल्यास बुलेट ९०.४८, तर बारबेल ८४.८८ रुपयांवर येतो.